उपचारासाठीचं क्राउडफंडिंग पेज दुरुस्त करताना: आधी हिशोब, मग गोष्ट

घरात कुणाचं मोठं आजारपण आलं की पेज बहुधा रात्री, घाईत, घरातला मोबाईल चांगला वापरणारा पोरगा लिहितो. त्यात चूक काहीच नाही. पण ते पेज पंधरा दिवस तसंच राहतं, टार्गेटचा आकडा अंदाजाने टाकलेला असतो, आणि ओळखीतलंच कुणीतरी विचारतं, "अरे, विम्याचे पैसे मिळाले ना? मग एवढे कशाला?" उत्तर पेजवर नसतं. तिथून विश्वास जायला सुरुवात होते.

मी गेली काही वर्षं नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांची अशी पेजेस दुरुस्त करून देतो. जवळपास प्रत्येक वेळी तीच चूक दिसते: आधी हृदयद्रावक गोष्ट लिहिली जाते आणि आकडे मागाहून तिच्या मापाने कापले जातात. म्हणून खालचा क्रम उलटा आहे. उदाहरण एकच घेतो: भाचा मामांच्या किडनी प्रत्यारोपणासाठी पेज चालवतोय, मामी किडनी देणार आहेत. यातले आकडे केवळ हिशोब समजावा म्हणून घेतलेत, दरपत्रक म्हणून वाचू नका.

## १. संपादन होईपर्यंत लिंक पाठवणं थांबवा

पेज बंद करू नका, फक्त नवे मेसेज पाठवू नका. अर्धवट दुरुस्त पेज लोक बघत असतात तेव्हा सकाळी एक टार्गेट आणि दुपारी दुसरंच दिसतं. त्याने जेवढी शंका येते तेवढी मोठ्या आकड्यानेही येत नाही.

आत्ताच्या पेजची पूर्ण प्रत काढून ठेवा: मजकूर, टार्गेट, जमलेली रक्कम, फोटो. पुढे "आधी काय लिहिलं होतं?" असं कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

## २. मामांना विचारा, आणि मामींनाही

आजार त्यांचा आहे, पेज तुमचं. निदान, फोटो, घरची आर्थिक स्थिती, मुलांचे उल्लेख, यांतलं काय लिहायचं हे मामांना एकेक करून विचारा. "पेज केलंय, चालेल ना?" या प्रश्नाला आजारी माणूस नाही म्हणत नाही. त्याऐवजी मजकूर वाचून दाखवा आणि विचारा, "यातलं कोणतं वाक्य नको?" मी असं विचारलं तेव्हा बहुतेकांनी एखादं तरी वाक्य काढायला सांगितलं. रुग्ण शुद्धीवर नसेल तर त्यांच्या वतीने उपचाराचे निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला विचारा, आणि ते शुद्धीवर आल्यावर पुन्हा त्यांना.

प्रत्यारोपणात दाताही रुग्णालयात दाखल होतो, त्याच्याही तपासण्या आणि शस्त्रक्रिया होते. त्यामुळे मामींची संमती वेगळी घ्यायची. आणखी एक गोष्ट: "किडनीसाठी पैसे हवेत" हे वाक्य कधीही लिहू नका. अवयवाची खरेदी-विक्री जवळपास सगळीकडे गुन्हा आहे आणि त्या वाक्याचा अर्थ तोच निघतो. "दाता घरातील व्यक्ती आहे, दात्याला कोणताही मोबदला दिला जाणार नाही, ही रक्कम उपचाराच्या खर्चासाठी आहे," असं स्पष्ट लिहा. मामींना नाव नको असेल तर "घरातील व्यक्ती" पुरेसं आहे.

तपासा: मामा आणि मामी दोघांनी मजकूर ऐकून होकार दिला का? "त्यांना त्रास नको" म्हणून ही पायरी गाळली असेल तर पुढे जाऊ नका.

## ३. कागद समोर ठेवा

पाच कागद लागतात. रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं, तारीख आणि सही-शिक्का असलेलं खर्चाचं अंदाजपत्रक. विम्याचं मंजुरीपत्र. आतापर्यंत भरलेल्या पैशांच्या पावत्या. दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे किंवा योजनेकडे मदत मागितली असेल तर त्या अर्जाची स्थिती. आणि ज्या साइटवर पेज आहे, तिच्या शुल्काचं पान.

अंदाजपत्रकात वरची एकूण रक्कम सगळेच बघतात. तळाशी बारीक अक्षरात 'यात समाविष्ट नाही' असं जे लिहिलेलं असतं, खरा घोळ तिथे होतो. प्रत्यारोपणाच्या पॅकेजमध्ये ठरावीक दिवसांचं वास्तव्य असतं. त्यापुढचे दिवस, काही महागडी औषधं, दात्याच्या आधीच्या तपासण्या बऱ्याचदा बाहेर असतात. बिलिंग विभागात जाऊन तीन प्रश्न विचारा: दात्याचा खर्च यात आहे का? किती दिवस धरलेत? घरी गेल्यानंतरची औषधं यात आहेत का?

विम्याच्या बाबतीत पॉलिसीची रक्कम आणि मंजूर रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसी ५ लाखांची असली तरी मंजुरी ३ लाखांचीच असू शकते. पेजवर मंजुरीपत्रातला आकडा टाकायचा. मंजुरी यायची असेल तर तसं लिहायचं, विमा नसल्यासारखं भासवायचं नाही.

## ४. टार्गेट नव्याने काढा

भाच्याने टार्गेट १५ लाख ठेवलं होतं. का, असं विचारलं तर, "लोक सांगतात मोठं ठेव, निम्मंच जमतं." हा सल्ला फार पसरलेला आहे आणि तो सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. आकड्यामागे कागद नसला की देणगीदाराच्या पहिल्याच प्रश्नाला तुम्ही अडखळता.

कागदांवरून मांडलेला हिशोब असा झाला:

| खर्च | रक्कम | कशावरून |
|---|---|---|
| रुग्ण व दाता दोघांची शस्त्रक्रिया आणि वास्तव्य | ८,००,००० | रुग्णालयाचं अंदाजपत्रक |
| दोघांच्या आधीच्या तपासण्या | १,००,००० | पावत्या व तपासण्यांची यादी |
| शस्त्रक्रियेपर्यंतचं डायलिसिस: ६ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, म्हणजे १८ वेळा, प्रत्येकी २,००० | ३६,००० | आधीच्या पावत्या |
| नंतरच्या पहिल्या ६ महिन्यांची औषधं व रक्ततपासण्या, दरमहा २०,००० | १,२०,००० | डॉक्टरांनी दिलेली यादी |
| प्रवास व रुग्णालयाजवळ राहणं | ४४,००० | आमचा अंदाज |
| एकूण | ११,००,००० | |

| हाताशी असलेले | रक्कम |
|---|---|
| विमा (मंजूर) | ३,००,००० |
| आधीच भरलेले (तपासण्या) | ६०,००० |
| घरची बचत | १,४०,००० |
| नातेवाइकांनी दिलेले | ५०,००० |
| एकूण | ५,५०,००० |

राहिले ५,५०,०००. तिसरा रकाना 'कशावरून' नक्की ठेवा. प्रवासाच्या ओळीत 'आमचा अंदाज' असं सरळ लिहिलंय, कारण तो अंदाजच आहे. एक ओळ अंदाजाची म्हणून मान्य केली की उरलेल्या ओळींवर लोकांचा भरवसा वाढतो, असा माझा अनुभव आहे.

आता शुल्क. साइट आणि पेमेंटचं मिळून समजा ५ टक्के कापलं जातं. पुष्कळ जण ५,५०,००० मध्ये ५ टक्के मिळवून ५,७७,५०० लिहितात. पण कपात पूर्ण जमलेल्या रकमेवर होते, त्यामुळे हातात ५,४८,६२५ येतात, म्हणजे कमी. बरोबर पद्धत भागाकाराची: ५,५०,००० ÷ ०.९५, म्हणजे सुमारे ५,७९,०००. शुल्कावर कर लागत असेल तर तोही टक्केवारीत आधी मिळवा. काही साइट स्वतः शुल्क घेत नाहीत, पण देणगीदाराकडून ऐच्छिक 'टिप' मागतात आणि ती रक्कम आधीच निवडलेली असते. तसं असेल तर पेजवर लिहा: "टिप ऐच्छिक आहे, ती शून्य करता येते, ती आम्हाला मिळत नाही."

टार्गेट १५ लाखांवरून ५ लाख ७९ हजारांवर आलं. भाचा घाबरला होता. पण हा आकडा तो कुणाच्याही समोर कागद ठेवून सांगू शकतो.

इशारा: आधीच भरून झालेला खर्च टार्गेटमध्ये पुन्हा येऊ देऊ नका. वरच्या तक्त्यात तपासण्यांचे ६०,००० दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे ते कटतात. मात्र ते पैसे उसने घेऊन भरले असतील आणि परत करायचे असतील, तर 'उसनवारी फेडण्यासाठी' अशी वेगळी ओळ हवी. उपचाराच्या नावाने कर्ज फेडलं असं नंतर उघड होणं फार वाईट.

इशारा: गुंतागुंत झाली तर लागतील म्हणून गुपचूप जास्तीचे पैसे आकड्यात लपवू नका. गुंतागुंत झालीच तर त्या वेळी कारण आणि कागद देऊन टार्गेट वाढवता येतं.

## ५. आता मजकूर: वाक्य वाक्य तपासा

आधीचा मजकूर असा होता:

"माझ्या मामांकडे फक्त ७ दिवस उरलेत. तुमच्या एका क्लिकवर त्यांचा श्वास अवलंबून आहे. आम्ही होतं नव्हतं ते सगळं विकलं. दोन लेकरांचा बाप वाचवा. हे वाचून जो पुढे जाईल त्याला देव माफ करणार नाही."

पहिलं वाक्य खोटं आहे. मामा डायलिसिसवर आहेत; आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. ते थकवणारं आहे, पण त्यावर ते जगत आहेत. सात दिवसांनी काय होतं, तर रुग्णालयात आगाऊ रक्कम भरायची मुदत संपते. मुदत खरी आहे, ती कशाची हे चुकीचं सांगितलंय. बहुतेक पेजेसवर घाई अशीच वाढवली जाते: पैशांची तारीख मृत्यूची तारीख म्हणून लिहिली जाते. मग आठवा दिवस उजाडतो, मामा डायलिसिस करून घरी येतात, आणि पैसे देणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

दुसरं वाक्य सगळा भार एका वाचणाऱ्यावर टाकतं. ते काढलं. तिसऱ्यावर मी भाच्याला विचारलं, "नक्की काय विकलं?" मामींचे थोडे दागिने मोडले होते, ते पैसे बचतीच्या आकड्यात आलेच होते. घर विकलेलं नव्हतं. मग 'होतं नव्हतं ते सगळं' कशाला? चौथ्यात मुलांचा उल्लेख खरा आहे, पण मुलं अठरा आणि एकवीस वर्षांची. 'लेकरं' म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. पाचवं वाक्य शापच आहे. तो वाचून दिलेल्या पैशात भीती असते.

दुरुस्त मजकूर:

"माझ्या मामांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. ते गेले आठ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेत आहेत. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा सल्ला दिला आहे. घरातील व्यक्ती किडनी देणार असून तिला कोणताही मोबदला दिला जाणार नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. त्याआधी रुग्णालयात आगाऊ रक्कम भरावी लागेल. ती वेळेत जमली नाही तर तारीख पुढे जाईल आणि तोपर्यंत डायलिसिस सुरू राहील. विमा, घरची बचत आणि नातेवाइकांची मदत धरून ५,५०,००० कमी पडतात. हिशोब खाली दिला आहे. मामांनी हा मजकूर वाचला आहे."

यात गरज कमी झालेली नाही. पैसे न जमल्यास काय होईल हे उलट अधिक नेमकं कळतं.

लिहिताना आणखी दोन जागा सांभाळा. एक, 'ऑपरेशन झालं की मामा पूर्ण बरे होतील' असं लिहू नका. नवी किडनी चालू असेपर्यंत ती शरीराने नाकारू नये म्हणून रोज औषधं घ्यावी लागतात. तुम्ही सहाच महिन्यांच्या औषधांचे पैसे मागत असाल तर सातव्या महिन्यापासून खर्च कोण करणार, तेही एका ओळीत सांगा: "त्यापुढील औषधांचा खर्च कुटुंब आपल्या उत्पन्नातून करेल." दोन, डॉक्टरांच्या तोंडी वाक्यं घालू नका. 'डॉक्टर म्हणाले ९० टक्के चान्स आहे' हे घरच्यांनी गडबडीत ऐकलेलं असतं. कागदावर असेल तेवढंच लिहा.

तपासा: प्रत्येक वाक्यासमोर स्वतःला विचारा: देणगीदाराने पुरावा मागितला तर कोणता कागद दाखवीन? आणि मामा बरे होऊन वर्षभराने हे वाचतील तेव्हा त्यांना लाज वाटेल का?

## ६. फोटो आणि कागदपत्रं

नळ्या लावलेला, अर्धवट शुद्धीतला फोटो काढून टाका. तो इंटरनेटवर कायमचा राहतो आणि त्यातून खर्चाबद्दल काहीच कळत नाही. मामांनी स्वतः निवडलेला, अलीकडचा, साधा फोटो पुरतो. जुना धडधाकट फोटो वापरलात तर खाली वर्ष लिहा.

अंदाजपत्रक जरूर टाका, पण पत्ता, फोन, रुग्ण क्रमांक, विमा पॉलिसी क्रमांक झाकून. इथे एक चूक सतत होते. मोबाईलवरच्या हायलायटरने किंवा पातळ काळ्या पेनने झाकलेला मजकूर फोटोचा उजेड वाढवला की पुन्हा वाचता येतो. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर खालची अक्षरं कॉपी करता येतात. खात्रीचा उपाय: कागदावर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि मग फोटो काढा. बारकोड आणि क्यूआर कोडही झाका, त्यात बऱ्याचदा रुग्ण क्रमांक असतो. दाता कोण हे लिहायचं नाही असं ठरलं असेल तर अंदाजपत्रकातलं मामींचं नावही झाकायला विसरू नका. खर्चाच्या रकमा, तारीख आणि शिक्का मात्र उघडे ठेवा. त्याच झाकल्या तर कागद टाकण्यात अर्थ नाही.

## ७. पैसे कुठे जातात आणि उरले तर काय

खातं कुणाचं, पैसे काढण्याचा अधिकार कुणाचा, त्यातलं थेट रुग्णालयाला काय जाईल, हे तीन-चार ओळींत लिहा. साइट थेट रुग्णालयाच्या खात्यात पैसे पाठवत असेल तर तोच पर्याय घ्या. औषधं आणि प्रवासासाठीचा भाग कुटुंबाच्या खात्यात येईल, तेही सांगा.

मग न आवडणारे प्रश्न. विम्याची मंजुरी वाढली तर? रुग्णालयाने आगाऊ रकमेतले पैसे परत दिले तर? शस्त्रक्रिया रद्द झाली तर? मामा गेले तर? हे शेवटचं लिहायला हात अडतो, मलाही दर वेळी अडतो. म्हणून सरळ नाव न घेता लिहिता येतं: "कोणत्याही कारणाने शस्त्रक्रिया झाली नाही, तर तोपर्यंतची उपचाराची बिलं भरून उरलेली रक्कम साइटच्या नियमानुसार देणगीदारांना परत करण्याची विनंती आम्ही करू. परत करणं शक्य नसेल तर ती याच रुग्णालयातल्या दुसऱ्या रुग्णाच्या बिलासाठी देऊ आणि पावती इथे टाकू." आधी साइटचे परताव्याचे नियम वाचा, पाळता येणार नाही असं वचन देऊ नका.

## ८. बदल लपवू नका

माझी एक चूक सांगतो. एका नातेवाइकाच्या पेजवर मी टार्गेट गुपचूप वाढवलं होतं. कारण खरं होतं, आयसीयूतले दिवस वाढले होते. दोन दिवसांनी एका देणगीदाराने जुना स्क्रीनशॉट दाखवून विचारलं. मी कारण सांगितलं, कागद दिले, तरी त्यांचा सूर पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. कारणाचा त्यांना राग नव्हता, न सांगण्याचा होता.

म्हणून नवा मजकूर टाकताना सगळ्यात वर तारखेसह नोंद द्या: "या पेजवर आधी टार्गेट १५ लाख होतं. रुग्णालयाचं अंदाजपत्रक आणि विम्याची मंजुरी पाहून ते ५,७९,००० केलं आहे. 'फक्त ७ दिवस उरलेत' हे वाक्य चुकीचं होतं. ती मुदत आगाऊ रक्कम भरण्याची होती. आधी मदत केलेल्यांना पैसे परत हवे असतील तर कळवा." ही शेवटची ओळ भाच्याला नको होती. मी आग्रह धरला, कारण त्या लोकांनी चुकीच्या माहितीवर पैसे दिले होते.

प्रकाशित करण्याआधी कुटुंबाबाहेरच्या एका हिशोबी माणसाला पेज वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर तीन गोष्टी विचारा: किती कमी पडतात, कशासाठी, आणि पैसे कुणाच्या हातात जातात? एकाचंही उत्तर चुकलं तर मजकूर पुन्हा लिहा. मगच लिंक पाठवा.

## ९. पेज चालू असताना

आठवड्यातून एक अपडेट पुरे: किती जमले, किती खर्च झाले, कोणती पावती, टार्गेट बदललं का. बातमी नसेल तर "या आठवड्यात तीन डायलिसिस झाले, बाकी बदल नाही" एवढंच लिहा. दर अपडेटला नवं संकट शोधायला लागू नका.

टार्गेट पूर्ण झालं की त्याच दिवशी देणग्या घेणं बंद करा. अंतिम बिल आणि विम्याचा हिशोब हाती आला की चौथ्या पायरीतलाच तक्ता पुन्हा टाका, या वेळी 'प्रत्यक्ष खर्च' असा आणखी एक रकाना जोडून. अंदाज आणि प्रत्यक्षात जिथे फरक पडला, त्या ओळीसमोर कारण लिहा, आणि उरलेल्या रकमेचं सातव्या पायरीत जे ठरवलं होतं त्याची पावती तक्त्याखाली जोडा.